उंबऱ्याला ड्रिल लावू नका, रॅम्प बाजूनं घ्या

संपादक साहेब, नमस्कार,

आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाच्या दारात सिमेंटचा रॅम्प ओतायचं चाललंय म्हणून हे पत्र. रॅम्प पाहिजेच, व्हीलचेअरवाले आणि गुडघे धरून चढणारे म्हातारे लोक तिथं रोज येतात, पण पायऱ्यांवर काँक्रीट ओतू नका एवढंच सांगायचंय. मी बांधकामाच्याच लाइनीत आहे.

पायऱ्या जांभ्याच्या आहेत. जांभा मऊ आणि सच्छिद्र, आपल्या बेळगावच्या पावसात पाणी पितो आणि मग सावकाश वाळतो. वर सिमेंट बसलं की ओल आत कोंडते, सिमेंटातले क्षार दगडात उतरतात आणि वाळताना दगडाचे पापुद्रे सुटतात. नंतर कुणी ते काढायला गेलं तर सिमेंट दगडापेक्षा कडक, त्यामुळं दगडाचा तोंडचा थर घेऊनच निघतं.

मापं घेतली तर पायऱ्या ओट्यापर्यंत 45 सेंटीमीटर आणि वर उंबरा 12, म्हणजे 57. एकास बारा उतार धरला तर रॅम्प पावणेसात मीटरच्या थोडा वर जातो, समोर रस्त्यावर एवढी जागा कुठली, म्हणून तो भिंतीच्या कडेनं घ्यायचा, भिंतीला न चिकटवता चार बोटं फट सोडून. लोखंडी फ्रेम, खाली स्क्रूनं वरखाली होणारे पाय, दगडावर पाय टेकतो तिथं रबर. वर दारासमोर ओट्यावरच उंबऱ्याच्या लेव्हलचा दीड मीटरचा चौकोनी प्लॅटफॉर्म उभा करायचा, म्हणजे चाक उंबऱ्यावरून सरळ आत जातं, उंबऱ्याला हात लावायची गरजच नाही. चालत येणाऱ्याला मात्र तिथं 12 सेंटीमीटरची एक पायरी जास्त चढावी लागते, तिच्या कडेला पिवळा पट्टा मारा नाहीतर कुणीतरी अडखळणार.

आतल्या बाजूला खरी गोची आहे. दारं आत उघडतात, त्यामुळं तिथं पक्का उतार केला तर दार बंदच होणार नाही. तिथं दीड मीटरचा लाकडी उतार दोन तुकड्यांत करा, सकाळी लावायचा, संध्याकाळी काढायचा.

आता कठडा. पायरीला भोक पाडून पाइप रोवला की पाणी आत जातं, लोखंड गंजून फुगतं आणि दगड कडेनं फुटतो, जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर असे फुटलेले कोपरे बघा की. खालचा खांब पहिल्या पायरीच्या पुढं जमिनीत स्वतंत्र पाया घालून रोवायचा आणि वरचा प्लॅटफॉर्मच्या फ्रेमला बोल्टनं, पाइप स्टेनलेसचा, 90 सेंटीमीटर उंचीवर आणि दोन्ही टोकांना फूटभर पुढं काढलेला. दगडात एकही भोक नाही.

फ्रेम बनवायच्या आधी त्याच मापाचा प्लायवूडचा उतार टाकून व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्याला वर नेऊन बघा, वळायला जागा पुरते का ते तेव्हाच कळेल. आणि पावसाळ्याआधी फ्रेमचे पाय उचलून खाली ओल धरलीय का ते तपासायचं काम कुणाकडं हे कमिटीनं आत्ताच ठरवावं.

आपला,
एक वाचक, बेळगाव