‘समजेल’ या शब्दाखाली आपण ओढलेल्या रेघेबद्दल

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आपण मागच्या बाकावर बसून माझा इयत्ता दुसरीचा गणिताचा तास पाहिलात, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. आज हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण नव्याने वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकांनाही त्याचा उपयोग व्हावा अशी माझी इच्छा आहे.

त्या दिवशीच्या पाठ टाचणात मी उद्दिष्ट लिहिले होते, ‘विद्यार्थ्यांना हातच्याची वजाबाकी समजेल.’ तास संपल्यावर आपण ‘समजेल’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत आणि एवढेच विचारलेत, की समजले हे तुम्हाला कशावरून कळले? मुले माना डोलावत होती, फळ्यावरचे उत्तर एका सुरात म्हणत होती, असे मी सांगू लागले आणि सांगता सांगताच लक्षात आले, की त्यावरून एकाही मुलाबद्दल निश्चित काही कळत नाही.

मग मी उद्दिष्ट बदलून लिहिले, ‘विद्यार्थी काड्यांचे गठ्ठे सोडून वजाबाकी करतील.’ हे डोळ्यांना दिसणारे होते, म्हणून मला ते बरोबर वाटले. आपण मात्र शांतपणे समजावलेत, की ही तासातली कृती झाली. उद्दिष्टात तासाच्या शेवटी मुलाला स्वतःहून काय करता येईल ते यायला हवे. कृती आणि उद्दिष्ट यांची ही गल्लत नवे शिक्षक सर्वाधिक करतात, असे मला आता इतरांची टाचणे पाहताना जाणवते.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये मांडलेली उद्दिष्टाची तीन अंगे आपण त्या वेळी सांगितलीत: मूल काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती चांगले केले म्हणजे पुरे. त्यांच्या आधाराने आपण दोघींनी मिळून लिहिलेले वाक्य असे होते: ‘दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हाताशी असताना, एककासाठी एक दशक सुटा करावा लागेल अशी दोन अंकी वजाबाकीची पाच उदाहरणे दिल्यास, विद्यार्थी त्यांतील किमान चार कोणाच्याही मदतीशिवाय अचूक सोडवेल.’ काड्यांचा उल्लेख काढला, की हेच वाक्य दुसऱ्या, अधिक अवघड तासाचे उद्दिष्ट होते, हेही आपण दाखवलेत. पाचपैकी चार हा आकडा काही नियम नव्हे, तो शिक्षकाचा निर्णय आहे. पण तो तासाआधी घेतलेला असला, तर वह्या पाहताना मन मुलागणिक बदलत नाही.

खरी मोलाची गोष्ट त्यानंतर घडली. माझ्या पाच उदाहरणांत ५२ − २७ हे एक होते आणि कितीतरी मुलांनी त्याचे उत्तर २५ ऐवजी ३५ लिहिले होते. ही मुले दशक कमी करायला विसरली, असे मी ठरवून टाकले. आपण म्हणालात, की हे उत्तर दोन वाटांनी येते. एखादे मूल बारातून सात वजा करून पाच लिहिते, पण दशकांचे पाच तसेच ठेवते. दुसरे मूल हातचा घेतच नाही, लहान अंक मोठ्यातून वजा करायचा म्हणून सातातून दोन काढते आणि त्यालाही पाचच मिळतात. एककांतील फरक पाचाचा असला, की दोन्ही चुका एकच रूप घेतात. त्याऐवजी ५४ − २८ दिले, तर दशक कमी न करणाऱ्याचे उत्तर ३६ येते, अंक उलटे वजा करणाऱ्याचे ३४ आणि बरोबर उत्तर २६. पहिल्या मुलाला गठ्ठा सोडल्यावर उरलेले गठ्ठे मोजायला लावायचे असते, दुसऱ्याला मुळात दोन सुट्या काड्यांतून सात काढून दाखवायला सांगायचे असते. उद्दिष्ट निरीक्षणक्षम असणे पुरेसे नाही, त्यासाठी निवडलेले उदाहरणही चूक उघड करणारे हवे, हे मला कोणत्याच प्रशिक्षणात ऐकायला मिळाले नव्हते.

उत्तर बरोबर आले तरी मुलाने रीत केवळ पाठ केलेली असू शकते, ही या पद्धतीची मर्यादाही आपण लपवली नाहीत. म्हणून आपल्याच सूचनेवरून मी उद्दिष्टात आणखी एक क्रिया जोडली: ‘सोडवलेल्या एका उदाहरणात वरचे दहा कोठून आले, हे काड्या दाखवून सांगेल.’ तीस मुलांना एका तासात हे विचारणे शक्य नसते, त्यामुळे रोज पाच-सहा जणांनाच विचारते आणि वहीत नावापुढे खूण करते. कविता आवडणे यांसारख्या गोष्टी मात्र अशा वाक्यात कोंबू नका, असे आपण बजावले होते. तेही पाळते आहे.

काल बिनकाड्यांच्या तासाचे टाचण लिहिले. ६३ − ३८ हे उदाहरण घेतले होते, ते खोडून ६३ − ३७ केले.

आपली कृतज्ञ,
दुसरीच्या वर्गाची एक शिक्षिका