शुभाला पत्र: सायलीच्या कॉन्ट्रॅक्टच्या नोट्स

कळवा, ठाणे
रविवार दुपार

प्रिय शुभे,

इतके महिने पत्र नाही, फोनवर बोललो तेही 'काय गं, बरं ना' एवढंच. रागावली असशील तर हक्काने रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. प्रकाशला सांगितलं तर तो म्हणाला, "मग क्लास लाव ना तिला." माझी शुगर आटोक्यात, आईंचा गुडघा आहे तसाच. झालं तब्येतीचं.

सायलीचा कॉन्ट्रॅक्टचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. त्यांचे सर जीव तोडून शिकवतात आणि मराठीत शिकवतात, कारण वर्गातली निम्मी मुलं शहापूर, मुरबाडकडून लोकलने आणि एसटीने येणारी. मुलांना सगळं कळतं. सायलीने पेपर मात्र इंग्रजीत द्यायचा ठरवलाय, तिला पुढे हायकोर्टात जायचंय. परवा रात्री ती नोट्स इंग्रजीत उतरवत होती. वहीत सरांचं वाक्य होतं, "फसवून सही घेतली तर करार रद्द होतो." तिने शेजारी लिहिलं, "इफ वन पार्टी इज चीटेड, द कॉन्ट्रॅक्ट गेट्स कॅन्सल्ड." शुभे, आपलंच वाक्य! मी हसावं की रडावं?

तू म्हणशील, व्याकरण तर बरोबर आहे. तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस. "अर्थ कळला की इंग्रजी मागून येतं" हे तुझं पेटंट वाक्य, आणि त्यावरून तलावपाळीवर आपण इतक्या भांडलो की पुढे कित्येक दिवस आपल्या वह्यांची ने-आण तुझा भाऊ करत होता. मी आजही त्याच जागी उभी आहे. अर्थ कळला तरी इंग्रजी मागून येत नाही, कारण मराठीत ऐकताना आपण ज्या गोष्टी न सांगता समजून घेतो त्या उत्तरपत्रिकेत लिहाव्याच लागतात. 'करार रद्द होतो' यात कोण रद्द करतो ते नाही, आपोआप होतो की कुणी केला तर होतो ते नाही, पहिल्यापासून की आजपासून तेही नाही. सर हातवारे करतात, आवाज चढवतात, मुलांना बरोबर समजतं. तपासणाऱ्याला हातवारे दिसत नाहीत.

मग मी तिच्या वहीत 'रद्द' कुठे कुठे आलाय ते शोधायला लावलं. एकाच प्रकरणात तीन ठिकाणी सापडला आणि तिन्ही ठिकाणी तिने 'कॅन्सल्ड' लिहिलं होतं. पहिलं, अज्ञान मुलाने केलेला करार. तो कायद्याच्या लेखी कधी झालाच नाही. १९०३ सालच्या मोहोरी बीबीच्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने तेच सांगितलं, आणि ६४, ६५ ही परतफेडीची कलमं तिथे लागू होत नाहीत म्हणून सावकाराला कर्जाऊ दिलेली रक्कम मिळाली नाही. दुसरं, फसवून घेतलेली सही. तो करार जिवंत असतो. तो मोडायचा की चालू ठेवायचा हे ज्याची फसवणूक झाली त्याने ठरवायचं, समोरच्याला तो हक्क नाही. तिसरं, घोडबंदर रोडवरचा हॉल लग्नासाठी ठरवला आणि तारखेआधीच तो जळाला. तो करार काल ठणठणीत होता, आज ५६ खाली निर्जीव झाला, आणि आगाऊ दिलेले पैसे ६५ खाली परत करावे लागतात. मराठीत तिन्ही 'रद्द'. इंग्रजीत पहिला 'इज व्हॉइड', दुसरा 'इज व्हॉइडेबल', तिसरा 'बिकम्स व्हॉइड'. इज आणि बिकम्स यांतल्या फरकावर पैसे कुणाच्या खिशात राहतात ते ठरतं. कायद्यानेही कलम २ मध्ये जी, आय, जे अशा तीन वेगळ्या व्याख्या उगाच दिलेल्या नाहीत.

सायली म्हणाली, "आई, एका शब्दासाठी एवढं काय? एखादा मार्क जाईल." तेव्हा मी तिला शिलाई मशीनचं उदाहरण लिहायला दिलं. तुलाही लिहिते, तू कोर्टात हे रोज बघतेस, माझं कुठे चुकलं तर कळव.

अ ने ब ला मशीन विकलं. ब ने चेक दिला, आणि देतानाच त्याला माहीत होतं की खात्यात पैसे नाहीत आणि पुढेही भरायचे नाहीत. पाळायचंच नाही अशा हेतूने दिलेलं वचन म्हणजे कलम १७ प्रमाणे फ्रॉड. ब ने दुसऱ्याच दिवशी मशीन क ला विकलं. क ने सरळ मनाने पूर्ण पैसे मोजले, त्याला आधीच्या भानगडीचा पत्ता नव्हता. चेक परत आल्यावर अ धावत क कडे गेला, माझं मशीन दे. मिळेल का?

सायलीने पहिल्या झटक्यात लिहिलं की करार कॅन्सल झाला, म्हणून मशीन अ चंच. तिच्या वाक्याप्रमाणे ते बरोबरच आहे! करार मुळातच नसेल तर ब कडे मालकी आलीच नाही, मग तो क ला काय देणार? पण कलम १९ प्रमाणे हा करार व्हॉइडेबल आहे. अ ने मोडेपर्यंत तो चालू होता, आणि त्या काळात ब ने विकलं. सेल ऑफ गुड्स अॅक्ट १९३० चं कलम २९ सांगतं की अशा वेळी सद्भावनेने, दोषाची माहिती नसताना घेणाऱ्याला चांगली मालकी मिळते. मशीन क कडेच राहील, अ ने पैशांसाठी ब च्या मागे लागायचं. आणि अ ने ब ने विकण्याआधीच करार मोडल्याचं ब ला कळवलं असतं, तर क ला २९ चा आधार मिळाला नसता. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. उत्तर पुरतं उलटं झालं, आणि इंग्रजीत स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

तेव्हापासून आम्ही असं करतो. पानाची डावी बाजू सरांच्या मराठीची, तिला हात लावायचा नाही, कारण समज तिथे आहे. मधे एक अरुंद पट्टी, त्यात मराठीतच तीन प्रश्नांची उत्तरं: कोणाच्या मर्जीवर, कधीपासून, आणि घेतलेलं कोणी परत द्यायचं. वहीतून उत्तर सापडत नसेल तर दुसऱ्या दिवशी सरांना विचारायचं, अंदाज लिहायचा नाही. मग बेअर अॅक्ट उघडायचा आणि त्यातले फक्त कणा असलेले शब्द उचलायचे, जसं 'अॅट द ऑप्शन ऑफ द पार्टी हूज कन्सेन्ट वॉज सो कॉज्ड'. हे शब्द बदलायचे नाहीत, सोपे करायचे नाहीत. बाकीचं वाक्य आणि उदाहरण तिने आपल्या साध्या, आखूड इंग्रजीत लिहायचं. पूर्ण कलम घोकून उतरवायला मी मनाई केली आहे. घोकलेल्यातला एखादा 'नॉट' परीक्षेत गळला की अख्खं कलम उलटं होतं आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. (तुझ्या पाठांतराला हे लागू नाही. तू कलमं हरिपाठासारखी म्हणायचीस, तुझ्या आईला वाटायचं पोरगी देवाचं म्हणतेय.)

वाक्य जमलं की नाही हे कळायची एक खूण मला सापडली आहे, ती तुला मुद्दाम सांगते. उजवीकडचं इंग्रजी तेवढं वाचून तिने ते आईंना मराठीत सांगायचं. आईंना कायदा येत नाही, पण प्रश्न नेमके विचारतात. सांगताना परत 'करार रद्द होतो' एवढंच आलं तर इंग्रजी वाक्य कच्चं. 'ज्याला फसवलं त्याला वाटलं तर तो मोडू शकतो, तोवर करार चालू' असं लांब आलं तर पक्कं. 'कॅन्सल्ड' वाल्या वाक्यावर आईंनी पहिल्याच फटक्यात विचारलं, "कोण करतो रद्द? फसवणाराही करू शकतो का?" मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आता माझी खरी काळजी. एवढं करायला वेळ लागतो. एका लेक्चरच्या नोट्सना संध्याकाळ जाते, आणि पुढे क्वासी कॉन्ट्रॅक्ट, इंडेम्निटी, एजन्सी सगळं पडलंय. तिच्या मैत्रिणींनी तयार इंग्रजी नोट्स घेतल्यात. मी चाळून पाहिल्या, वाक्यं चकचकीत आहेत, पण 'व्हॉइड अॅब इनिशिओ' जिथे तिथे चिकटवलंय, फसवणुकीच्या करारालासुद्धा. सायलीला त्या हव्यात. ती म्हणते, "सगळ्या पास होतात, आई." होतातही. पण वर्गात सरांच्या प्रश्नाला सगळ्यांत आधी हात वर करणारी ही मुलगी तसलं वाक्य उतरवेल आणि वाचणाऱ्याला वाटेल हिला काहीच कळलेलं नाही, हे मला सहन होत नाही. आपल्या बाबतीत हेच झालं होतं, शुभे. निकालाच्या दिवशी तू कुंजविहारसमोर वडापाव हातात धरून उभी होतीस आणि खात नव्हतीस. तुला विषय माझ्यापेक्षा जास्त येत होता. मार्क मला जास्त पडले, ते केवळ मी बेअर अॅक्ट समोर ठेवून लिहायला शिकले होते म्हणून. तू त्यावर कधी बोलली नाहीस, मीही नाही. आज लिहिते, तो निकाल मला तेव्हाही न्यायाचा वाटला नव्हता.

मी सगळ्या विषयाला पुरणार नाही हे मला दिसतंय. म्हणून ठरवलंय की सगळ्या नोट्स उतरवायच्याच नाहीत. जिथे सरांच्या वाक्यात 'होतो', 'करता येतं', 'चालत नाही' असं करणाऱ्याचं नाव नसलेलं क्रियापद आहे, तेवढीच वाक्यं तीन प्रश्नांतून काढायची. बाकीचं तिने थेट पुस्तकातून इंग्रजीत वाचावं. तुला हे पटतं का ते स्पष्ट सांग, भांडायचं असेल तर भांड.

तुझं काय चाललंय? नाशिकच्या चेंबरचा ताबा मिळाला का? अद्वैतचं लग्न ठरतंय असं उडत उडत कानावर आलं, खरं असेल तर मला दुसऱ्यांकडून का कळावं? भावाला नमस्कार सांग, त्याचे वह्या वाहून नेल्याचे उपकार अजून फिटलेले नाहीत.

आणि एक काम. ६४ आणि ६५ मला कधीच तुझ्यासारखं समजावता आलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी सायलीला फोन कर आणि ते मराठीतच सांग, तुझ्या पद्धतीने, घाई न करता. ती ऐकत ऐकत लिहून घेईल, उजवी बाजू आम्ही दोघी संध्याकाळी भरू, आणि ती तुला पाठवेन. त्यात लाल पेन चालव.

तुझी,
मीना