मुरूम जातो कुठे, हे विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय कनिष्ठ अभियंता मॅडम,
पथ विभाग

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या कोपऱ्यावरचा तो खड्डा आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता. दरवर्षी पावसाळ्यात तो पडायचा, मग कुणीतरी येऊन मुरूम नाहीतर डांबरमिश्रित खडी ओतून जायचं आणि एक मोठा पाऊस झाला की जागा पुन्हा खचायची. यंदा तर रिक्षाचं पुढचं चाक आत गेलं. आत मुलं होती, थोडक्यात निभावलं.

तक्रार केली त्याच दुपारी तुम्ही आलात. खड्ड्याभोवती एक फेरी मारलीत आणि विचारलंत, "इतक्या वर्षांचा मुरूम गेला कुठे?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. साध्या खड्ड्यातली खडी उखडून आजूबाजूला पसरते, इथे तर रस्त्यावर एक खडा नव्हता, असं म्हणून तुम्ही पुढचं, म्हणजे उताराकडचं, ड्रेनेजचं चेंबर उघडायला लावलंत. तळाशी लाल मुरूम साचलेला! दरवर्षी वरून टाकलेला भराव फुटलेल्या सांध्यातून पाइपात उतरत होता आणि सांडपाण्याबरोबर वाहून जात होता. मग मजुरांनी पहार आपटून पाहिली, तर खड्ड्यापासून चार-पाच फुटांवरही रस्ता पोकळ वाजला. वरून धडधाकट दिसणाऱ्या डांबराखाली माती उरलीच नव्हती. पाण्याचा टँकर रोज त्याच पट्ट्यावरून जायचा, हे आठवलं की अजून धस्स होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत तुम्ही तेवढा पट्टा पत्रे लावून बंद केलात, पण पलीकडून एक गाडी जाईल एवढी जागा राखलीत. डायलिसिसला जाणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांची गाडी त्यामुळे अडली नाही.

कामातली एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे, कारण त्या वेळी आमच्यातल्याच काहींनी तुमच्याशी हुज्जत घातली होती. नवा पाइप बसला, त्याखाली काँक्रीट झालं, आणि आता डंपर उलटा करून खड्डा एकदाच भरून टाका, असा आमचा आग्रह होता. तुम्ही वीतभर जाडीचा थर टाकून, पाणी मारून, कॉम्पॅक्टर फिरवून मगच पुढचा थर घेत होतात. एकदम भरलं तर वरचा भाग दबतो, खालचा तसाच भुसभुशीत राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळं खाली बसतं, हे तुम्ही भर उन्हात, न चिडता, दोनदा समजावलंत. एक थर नीट दबला नाही म्हणून तो उकरून परत भरायला लावलात, तेव्हा ठेकेदाराचा चेहरा पाहण्यासारखा होता.

वर लगेच डांबर का नाही, हेही तुम्ही आधीच सांगितलंत. ओल्या खडीवर गरम डांबर धरत नाही आणि नवा भराव एका पावसाळ्यात थोडा तरी बसणारच. म्हणून तूर्त पेव्हर ब्लॉक, कडेला काँक्रीटची पट्टी, आणि पाऊस संपल्यावर ब्लॉक काढून डांबर. ब्लॉक खाली गेले तर उचलून परत बसवता येतात, हा त्यातला फायदा आम्हाला पहिल्यांदाच कळला.

आणि तो फळा! पत्र्याला अडकवलेल्या फळ्यावर रोज संध्याकाळी आज काय झालं, उद्या काय होणार, पाणी किती वाजता बंद, घंटागाडी कुठे थांबेल, हे खडूने लिहिलेलं असायचं. तोच फोटो सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायचा. रविवारी रात्री तुमचा निरोप आला की पुढचाही सांधा तडकलेला सापडला आहे, तोही बदलायचा, म्हणून रस्ता सोमवारऐवजी मंगळवारी उघडेल. खरं सांगायचं तर त्या एका निरोपामुळे कुणी कुरकुर केली नाही. एरवी पत्रे लागले की किती दिवस, कशासाठी, कुणाला विचारायचं, काहीच कळत नाही, आणि खरा वैताग त्याचा असतो. रिक्षावाल्या काकांनी मंगळवारची पाळी फळा वाचूनच लावली होती. मंगळवारी दुपारी रस्ता उघडला.

त्यानंतर मोठे पाऊस झाले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आमच्यातले दोघे-तिघे ब्लॉकच्या कडेवर लक्ष ठेवून आहेत. एका बाजूला बोटभर खाली बसलंय, बाकी जागा पक्की आहे. त्याचा फोटो तुम्हाला पाठवला आहे. उताराकडच्या चेंबरचं झाकणही परवा सफाई कर्मचाऱ्यांनी उघडलं होतं, आत मुरूम नव्हता.

दिवाळीनंतर डांबराचं काम काढाल तेव्हा दोन दिवस आधी कळवा. रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या आम्ही हलवून ठेवू, आणि तुमच्या माणसांचा चहा आमच्याकडे.

मनापासून आभार.

आपले,
शाळेच्या कोपऱ्यावरच्या सोसायट्यांमधले रहिवासी