मोबाइल चोरीच्या अर्जाला पोच मिळालीच पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तहसील कचेरीसमोर माझे झेरॉक्स व टायपिंगचे दुकान आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारनंतर मोबाइल चोरीचा एखादा तरी अर्ज टाइप करायला येतो. बहुतेक जण दोन ओळींचा मजकूर सांगतात : ‘माझा मोबाइल हरवला आहे, तरी शोधून मिळावा.’ असा अर्ज देऊन माणूस घरी जातो आणि पुढे काहीच घडत नाही. अर्ज नीट लिहिलेला आणि त्याची पोच हातात असली, तर काय फरक पडतो हे लोकांपर्यंत जावे आणि पोलीस अधिकाऱ्यांनीही त्याची दखल घ्यावी, म्हणून हे पत्र.

अलीकडचीच गोष्ट सांगते. बाजारात भाजी विकणाऱ्या एक ताई आल्या. गल्ल्याजवळ ठेवलेला फोन कोणीतरी उचलला होता. त्या आधी पोलीस ठाण्यात जाऊन आल्या होत्या आणि तिथे त्यांना ‘गहाळ झाला असे लिहून आणा’ असे सांगण्यात आले होते. मी त्यांना विचारले, फोन तुमच्या हातून पडला की ठेवलेल्या जागेवरून गेला? त्या म्हणाल्या, ‘वजन करायला वळले तेवढ्यात गेला. दोन पोरं समोर उभी होती, तीही दिसेनाशी झाली.’ ही चोरीच आहे, आणि अर्जात तसेच लिहायला हवे. गहाळची नोंद म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे, त्यावर चोरीचा तपास होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली चोरी हा गुन्हा आहे. मालाची किंमत पाच हजार रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर तो दखलपात्र ठरतो, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलिसांना तपास करता येतो; त्याखाली असेल तर अदखलपात्र. म्हणून फोनची किंमत अर्जात आलीच पाहिजे. ताईंनी फोन आदल्या दिवाळीत चौदा हजारांना घेतला होता. आम्ही खरेदीची किंमत लिहिली, आजची अंदाजे किंमत नऊ हजार असेही लिहिले आणि बिलाची झेरॉक्स जोडली.

मग वेळा. ताईंना आधी ‘सकाळी कधीतरी’ एवढेच आठवत होते. मुलीला विचारले तर तिच्या फोनमध्ये आईशी झालेला शेवटचा कॉल १० वाजून ४० मिनिटांचा निघाला. त्यावरून बाकीचे जुळत गेले. अर्जातला तो भाग असा झाला :

‘सकाळी १०.४० वाजता मी मुलीशी या फोनवरून बोलले व फोन गल्ल्याच्या डब्याशेजारी ठेवला. अंदाजे १०.५५ वाजता गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे देताना फोन जागेवर नसल्याचे लक्षात आले. शेजारच्या दुकानदाराच्या फोनवरून ११.०० वाजता रिंग केली असता रिंग वाजली, कोणी उचलला नाही. ११.१० वाजता फोन बंद लागला. ११.४५ वाजता सिम बंद करून घेतले व १२.१० वाजता बँकेला कळवले. माझ्या जागेसमोरील किराणा दुकानावर कॅमेरा असून त्याचा रोख माझ्या बैठकीकडे आहे. त्या वेळी समोर उभ्या असलेल्या दोन मुलांबाबत मला संशय आहे, परंतु फोन घेताना मी कोणालाही पाहिलेले नाही.’

यातले प्रत्येक वाक्य कामाचे आहे. शेवटचा कॉल आणि फोन बंद होण्याची वेळ यांच्यामधल्या अर्ध्या तासातच कॅमेऱ्याचे चित्रण पाहायचे असते. दुकानातल्या कॅमेऱ्यात जुन्या चित्रणावर काही दिवसांनी नवे चढते, त्यामुळे ते जपून ठेवण्याची विनंती त्याच अर्जात करावी. बँकेला कळवल्याची वेळ तर सोडूच नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, ग्राहकाने कळवल्यानंतर खात्यातून परस्पर व्यवहार झाला तर त्याचे नुकसान बँकेने सोसायचे असते. आणि जे पाहिले ते पाहिले म्हणून, जो संशय आहे तो संशय म्हणूनच लिहावा. रागाच्या भरात एखाद्याचे नाव ठोकून दिले, तर निष्पाप माणूस अडकू शकतो.

फोनची ओळख पटते ती आयएमईआय क्रमांकावरून. तो पंधरा आकडी असतो आणि दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. दोन्ही लिहावेत. खोक्यावर आणि बहुतेक बिलांवर ते सापडतात. ज्यांचा फोन अजून हातात आहे त्यांनी *#06# दाबून ते आजच वहीत उतरवून ठेवावेत. अर्जात संपर्कासाठी घरातल्या दुसऱ्या कोणाचा नंबर द्यावा. अनेक अर्जांत चोरीला गेलेलाच नंबर दिलेला असतो.

आता पोचेविषयी. आम्ही अर्जाच्या दोन प्रती काढल्या. शेवटी लिहिले : ‘तरी गुन्हा नोंदवून प्रथम खबरी अहवालाची प्रत व या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, वेळ, सही व शिक्क्यासह पोच मिळावी.’ ताई अर्ज घेऊन गेल्या, तेव्हा अंमलदारांनी ‘पोच लागत नाही, अर्ज ठेवून जा’ म्हणून सांगितले. पण पोच लागते. केंद्र सरकारच्या ceir.gov.in या संकेतस्थळावर फोन देशभरातल्या सर्व नेटवर्कवर बंद करता येतो, पण तिथे पोलीस तक्रारीचा क्रमांक आणि तक्रारीची प्रत मागतात. नुसता शिक्का आहे पण क्रमांक नाही, अशी प्रत तिथे अडते. शिवाय ओटीपीसाठी त्याच नंबरचे नवे सिम आधी सुरू करून घ्यावे लागते.

पोच म्हणजे गुन्हा नोंदवल्याची प्रत नव्हे, हेही लोकांनी ध्यानात ठेवावे. गुन्हा दाखल झाला की त्या अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य द्यायची, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३(२) सांगते. ठाण्याने नोंद नाकारली तर कलम १७३(४) नुसार तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. त्या पायरीवर आपण अमुक तारखेला ठाण्यात गेलो होतो हे दाखवायला पोचेवाचून दुसरे काय असते? ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ सालीच सांगितले आहे की खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे.

ताई दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन पुन्हा गेल्या, या वेळी ड्यूटीवर दुसरे अंमलदार होते. त्यांनी अर्ज वाचला, दोन प्रश्न विचारले, गुन्हा नोंदवला आणि प्रत दिली. संध्याकाळी ती प्रत जोडून मुलीने फोन बंद करण्याची विनंती माझ्याच दुकानातून भरली. फोन अद्याप मिळालेला नाही. पण तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि ताईंकडे विचारायला गुन्हा क्रमांक आहे.

एकाच ठाण्यात आज पोच नाही आणि उद्या मिळते, हे अंमलदाराच्या मर्जीवर राहू नये. जिल्हा पोलीस अधीक्षकांनी प्रत्येक ठाण्याच्या टेबलावर आवक शिक्का ठेवण्याचे आणि दुसऱ्या प्रतीवर जागीच पोच देण्याचे लेखी आदेश काढावेत, तसा फलक दर्शनी भागात लावावा, अशी आपल्या दैनिकाद्वारे मी विनंती करते.

आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा जिल्हा