दुसरी प्रत तुझ्याकडे

बाळा,

उद्या बाबांच्या अंत्यविधीच्या वेळी मी चार वाक्यं बोलणार आहे. "आई, तू नको, मी बोलतो," असं तू संध्याकाळी म्हणालास. पण हे मलाच बोलायचंय. फक्त माझा आवाज फुटला तर काय करायचं, ते आधी ठरवून ठेवू. समोरासमोर सांगायला गेले तर आत्ताच रडू येईल, म्हणून लिहितेय.

पहिल्यांदा मी दोन पानं लिहिली होती. नोकरी, कष्ट, प्रेमळ स्वभाव, सगळं आलं होतं. मोठ्याने वाचून पाहिलं तर ते कुणाच्याही नवऱ्याबद्दल असू शकलं असतं. ती पानं बाजूला ठेवली आणि एकच गोष्ट घेतली:

"रात्री झोपण्याआधी हे दाराची कडी दोनदा बघायचे. एकदा स्वतःसाठी. एकदा मी विचारणार म्हणून. मी विचारायचे, 'कडी लावली?' हे म्हणायचे, 'बघितली.' 38 वर्षं, रोज. मग यांना उठवेना. कडी मी बघू लागले. परत येऊन सांगायचे, 'बघितली.' ते ऐकलं की हे डोळे मिटायचे. काल रात्रीही मी कडी बघितली. अहो, बघितली. झोपा आता."

एवढंच. मनातल्या मनात वाचलं तर अर्ध्या मिनिटात संपतं. मोठ्याने, थांबत थांबत वाचलं तेव्हा दीड मिनिट लागलं. उद्या दोन लागतील. यापेक्षा लांब मला पेलणार नाही.

वाक्यं मुद्दाम तुटक ठेवली आहेत. प्रत्येक वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे. लांब वाक्याच्या मध्येच गळा दाटला तर परत सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. आज पाच वेळा मोठ्याने वाचलं. तीन वेळा एकाच ठिकाणी अडले, "कडी मी बघू लागले" इथे. ते वाक्य काढावं असं वाटलं होतं, पण ते काढलं तर बाकीच्याला अर्थच उरत नाही. म्हणून त्याच्या आधी पेन्सिलने एक आडवी रेघ मारली आहे. तिथे मी आपणहून थांबणार आहे. तेव्हा घाबरू नकोस. "अहो" मात्र अगदी शेवटी ठेवलंय. सुरुवातीपासून त्यांच्याशीच बोलत राहिले असते तर दुसऱ्या वाक्यालाच कोसळले असते.

रडू यायला लागलं की शरीर जास्त हवा घेण्यासाठी घशातली वाट उघडी ठेवू पाहतं. बोलायला आणि गिळायला मात्र ती मिटावी लागते. या ओढाताणीचाच तो आवंढा. श्वास रोखून धरला की तो आणखी घट्ट होतो. त्यामुळे थांबले की मी श्वास हळूहळू सोडेन, घोटभर पाणी पिईन आणि मग पुढचं वाक्य घेईन. पाणी साधंच ठेव, पेला अर्धाच भर, कारण माझा हात थरथरेल.

कागद जाड घेतलाय, पातळ कागद थरथरला की माईकवर वाजतो. अक्षरं मोठी आहेत, दोन ओळींत भरपूर जागा सोडली आहे आणि मजकूर पानाच्या वरच्या अर्ध्या भागातच आहे. मान खाली गेली की आवाजही खाली जातो. मोबाईलवरून वाचणार नाही. मी थांबले की त्याची स्क्रीन विझेल, आणि ओल्या बोटांनी ती नीट चालणारही नाही.

आता तुझं काम. अगदी असाच दुसरा कागद सोबत ठेवलाय, पेन्सिलची रेघसुद्धा त्याच जागी आहे. तू माझ्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे उभा राहा. समोर थांबू नकोस. तुझा चेहरा दिसला तर मला पुढचं वाचता येणार नाही. मी लोकांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघत बोलेन.

मी थांबले तर तूही थांब. मनात हळू दहापर्यंत मोज. तेवढी शांतता आपल्याला फार लांब वाटेल, ऐकणाऱ्यांना तशी वाटत नाही. तेवढ्यात लगेच पाठीवर हात ठेवू नकोस, स्पर्शाने उरलासुरला धीरही सुटतो. मी सावरले नाही, तर कागद छातीशी धरेन. ती खूण. मग तू पुढे ये, माईकपासून वीतभर अंतरावर उभा राहा आणि मी जिथे अडले त्या वाक्याच्या सुरुवातीपासून वाच. "आईला जमत नाहीये" वगैरे काही सांगायचं नाही, सरळ वाचायचं. "मी" आणि "हे" आहे तसंच वाच. शब्द माझे आहेत, ते सगळ्यांना कळेल.

शेवटची ओळ मात्र वाचू नकोस. "काल रात्रीही मी कडी बघितली" इथे थांब आणि कागद खाली घे. तेवढे चार शब्द मी कसेही म्हणेन, कुणाला ऐकू आले नाहीत तरी चालेल.

आज रात्री एकदा मोठ्याने वाचून ठेव, तुझ्या खोलीत, दार लावून. तुझं कुठे अडतंय ते तुलाही कळू दे.

तुझी,
आई