‘धर्म’ म्हणजे ‘रिलिजन’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ‘आपले शब्द जगाच्या ओठांवर’ हा लेख वाचला. कर्म, धर्म, माया हे शब्द इंग्रजी शब्दकोशांत गेले याचा लेखकाला अभिमान वाटतो. मला मात्र त्यातले निम्मे अर्थ वाटेत गळून पडल्याचं दुःख होतं, आणि ते आमच्या घरात नुकतंच अनुभवाला आलं.

माझी नात इंग्रजी माध्यमात शिकते. तिच्या शाळेत परिपाठाला पसायदान म्हणतात, ही चांगलीच गोष्ट. यंदा मुलांना त्याच्या इंग्रजी अर्थाचा छापील कागद दिला. त्यात ‘विश्व स्वधर्मसूर्ये पाहो’ याच्या समोर लिहिलं होतं, ‘लेट द वर्ल्ड सी द सन ऑफ इट्स ओन रिलिजन’. नातीने तो वाचून विचारलं, “आजी, मग माझी मैत्रीण आमच्या धर्माची नाही, तिने हे म्हणायचं नाही का?” ज्या प्रार्थनेत माउलींनी अख्ख्या विश्वासाठी मागणं मागितलं, ती एका कागदाने मुलामुलांत भिंत घालणारी झाली. शाळेत जाऊन मी हे सांगितलं, तर उत्तर मिळालं की शब्दकोशात धर्माला हाच शब्द दिलाय.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या ‘श्रेयान् स्वधर्मो विगुणः’ या श्लोकाचीही अशीच दशा होते. लोक तो धर्मांतराच्या वादात बेधडक वापरतात. रणांगणावर अर्जुनापुढे दुसरा पंथ होता कुठे? युद्ध सोडून भीक मागून जगावं, असं तो दुसऱ्या अध्यायात म्हणाला होता. क्षत्रियाने आपलं काम टाकून भिक्षेकऱ्याची वृत्ती घेणं, हा तिथला परधर्म. ज्ञानदेव या जागी सांगतात की दुसऱ्यांचे सुंदर वाडे पाहून आपली गवताची खोपटी मोडायची नसते.

काही जण ‘रिलिजन’ऐवजी ‘ड्यूटी’ लिहितात. ते जास्त जवळचं आहे, पण तेही पुरतं नाही. गीतेतल्या स्वधर्मात वर्णाने वाट्याला आलेलं कामही येतं. ‘ड्यूटी’ म्हटलं की ती अवघड, वादाची बाजू गुळगुळीत होऊन जाते आणि वाचणाऱ्याला तिच्याशी भांडताही येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की शब्द ‘धर्म’च ठेवावा आणि त्या जागी त्याचा अर्थ काय हे खाली दोन ओळींत सांगावं. विस्तवाला ‘धर्म’ असतो, शेजाऱ्याला ‘शेजारधर्म’ असतो, दारात आलेला भिकारी ‘धर्म करा’ म्हणतो. यातल्या एकाही जागी ‘रिलिजन’ बसत नाही.

‘कर्मा’चं तर उलटंच झालंय. तुमच्या लेखकाने कौतुकाने दिलेल्या इंग्रजी वाक्यांत कर्म म्हणजे केल्याची परतफेड, दुष्टाला बसलेली चपराक. आपल्याकडे कर्म म्हणजे करणं, आणि परतून येतं ते कर्मफळ. ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु’ या ओळीत कर्माला फळाचा अर्थ लावून पाहा, ओळच कोसळते. आपणही कपाळावर हात मारून ‘कर्म माझं!’ म्हणतो, तिथे कर्म म्हणजे नशीब हे खरं. पण आपल्याला दोन्ही अर्थ ठाऊक असतात. इंग्रजीतून हा शब्द परत घेणाऱ्या आपल्या मुलांना फक्त चपराक ठाऊक असते.

आणि माया? लेखात ‘इल्युजन’ एवढाच अर्थ दिलाय. वेदान्तातली माया समजायला कठीण, तिच्याबद्दल मी बोलत नाही. पण मराठी माणसाची माया मावशीच्या हातात असते, लाचखोराने ‘जमवलेली’ असते आणि शिंपीकाकांच्या शिवणीतही असते. वाढत्या अंगाच्या मुलीचा फ्रॉक शिवताना आई सांगते, “कडेला दोन बोटं माया ठेवा.” ती पुढच्या वर्षी उसवली की फ्रॉक पुन्हा अंगाला येतो. मराठी दैनिकाने निदान हा शब्द तरी इंग्रजीच्या मापाने मोजायला नको होता.

शेवटी एक तक्रार थेट तुमच्याकडे. त्याच लेखात चौकट करून ‘दुरितांचे तिमिर जावो’ ही ओवी छापली आहे आणि ती ‘तो ते लाहो’ इथेच तोडली आहे. ओवीचा शेवटचा छोटा चरण ‘प्राणिजात’ गायब आहे. माउलींचं मागणं प्रत्येक जिवासाठी आहे, हे सांगणारा शब्दच जागेअभावी कापला गेला, की कुणाच्या लक्षातच आलं नाही? शेजारच्या जाहिरातीला मात्र अर्धं पान मिळालंय. पुढच्या रविवारी त्याच जागी ती ओवी पूर्ण छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा