धसकटाची जखम आणि बिडी

संपादक महोदय,
पाकिटावरच्या कर्करोगाच्या चित्राला आमच्याकडची विशीतली पोरं भीत नाहीत. ‘म्हातारपणी पाहू’ म्हणतात. त्यांना आज दिसणारे नुकसान दाखवावे.

आमच्या गावात एका तरुणाच्या पायात पऱ्हाटीचे धसकट घुसले. जखम साफ झाली, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, रक्तातली साखरही बरोबर निघाली. तरी जखम भरेना. शेवटी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनेच विचारले, “बिड्या किती ओढतो रे?” उत्तर होते, रोज एक कट्टा.

निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. जखमेला पुरेसा प्राणवायूच मिळत नाही. म्हणून ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर निदान चार आठवडे धूम्रपान बंद करायला सांगतात. बिडी थांबली की कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून उतरतो. रक्तपुरवठा सुधारायला मात्र काही आठवडे लागतात.

चेहऱ्याच्या कातडीचीही हीच उपासमार होते, वर आपले वैशाखातले ऊन. पडलेल्या सुरकुत्या पुसल्या जात नाहीत, फक्त नव्यांचा वेग कमी होतो. दातांचे डाग दंतवैद्य काढतो, पण पानठेला सुटला नाही तर ते परत येतात. केस गळण्याचा दोष मात्र सगळा बिडीला देऊ नये. बरेचसे आनुवंशिक असते, धूर त्यात भर घालतो.

सोडायची असेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६.

– एक वाचक, ता. वणी, जि. यवतमाळ